पाण्याच्या गादीचा नियम

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णासाठी पाण्याने भरलेली गादी वापरतात. या गादीवर एका ठिकाणी हाताने दाब दिला, तर तेथे ती दबते, पण दुसरीकडे कोठेतरी वर येते. पाणी दाबले जात नाही आणि गादीतून बाहेरही जात नाही, म्हणून असे होते. आपोआप दुरुस्ती करणाऱ्या यंत्रणांच्या बाबतीतही असाच एक नियम आहे. एखाद्या वारंवारतेच्या पट्ट्यात त्रुटी कमी केली, की दुसऱ्या कोणत्यातरी पट्ट्यात ती वाढते. अभियंते या नियमाला पाण्याच्या गादीचेच नाव देतात. गादीत पाणी असते हे आपल्याला दिसते. यंत्रणेत 'पाणी' कोणते, आणि ते बाहेर का जाऊ शकत नाही, हे या लेखात पाहू या.

दांड्या कापणारे यंत्र

एक साधे उदाहरण घेऊ. एका कारखान्यात ठरावीक लांबीच्या लोखंडी दांड्या कापणारे यंत्र आहे. लांबी कमीजास्त करण्यासाठी त्याला एक स्क्रू आहे. यंत्राला हात न लावता ते चालू ठेवले, तरी प्रत्येक दांडी अगदी हवी तेवढ्याच लांबीची येत नाही. हवेतील उष्णता, पात्याची झीज, पकडीतील सैलपणा अशा कारणांनी ती थोडी लांब किंवा थोडी आखूड येते. या मूळच्या फरकाला आपण विक्षोभ म्हणू.

आता कारागीर एक नियम पाळतो. दांडी कापली की मोजायची. ती १ मिलिमीटर लांब भरली, तर पुढच्या दांडीसाठी स्क्रू १ मिलिमीटरने आत घ्यायचा. आखूड भरली, तर तेवढाच बाहेर काढायचा. घडलेल्या चुकीवरून पुढची कृती ठरवण्याच्या या पद्धतीला प्रतिसंभरण म्हणतात.

या नियमाने काय होते? मागच्या दांडीच्या वेळी जो विक्षोभ होता, तेवढाच बरोबर उलटा स्क्रू या दांडीच्या वेळी फिरवलेला असतो. म्हणून,

या दांडीची चूक = या वेळचा विक्षोभ − मागच्या वेळचा विक्षोभ

हे सूत्र आकड्यांवर तपासून पाहू. समजा विक्षोभ सावकाश बदलतो आणि १२ दांड्यांमध्ये त्याचे एक चक्र पूर्ण होते: ०, ०.५, ०.८७, १, ०.८७, ०.५, ०, −०.५ असे. लागोपाठच्या आकड्यांची वजाबाकी केली, तर ०.५, ०.३७, ०.१३, −०.१३, −०.३७, −०.५ असे आकडे मिळतात. मूळचा फरक १ पर्यंत जात होता, तो आता साधारण निम्म्यावर आला. कारागिराचा नियम उपयोगी पडला.

आता चक्र ६ दांड्यांचे घेऊ: ०, ०.८७, ०.८७, ०, −०.८७, −०.८७. वजाबाक्या येतात ०.८७, ०, −०.८७, −०.८७, ०, ०.८७. म्हणजे तेच आकडे, फक्त जागा बदललेले. सगळी मेहनत करून फायदा शून्य.

शेवटी पकडीच्या सैलपणामुळे एक दांडी लांब, एक आखूड असा विक्षोभ घेऊ: १, −१, १, −१. वजाबाक्या येतात −२, २, −२. कारागिराने स्क्रूला हात लावला नसता, तर चूक १ मिलिमीटर राहिली असती. त्याने काळजीपूर्वक दुरुस्ती केली म्हणून ती २ मिलिमीटर झाली. तो प्रत्येक वेळी मागच्या चुकीचे उत्तर देत असतो, आणि तोपर्यंत विक्षोभाने बाजू बदललेली असते.

खड्डा आणि ढीग

दुरुस्ती केल्यावर चुकीचा आयाम मूळच्या किती पट होतो, या गुणोत्तराला संवेदनशीलता म्हणतात. ते १ पेक्षा लहान असेल तर दुरुस्तीचा फायदा, मोठे असेल तर तोटा. वारंवारता मोजण्यासाठी आपण एका दांडीमागे विक्षोभाचे चक्र किती अंश पुढे जाते ते पाहू. १२ दांड्यांचे चक्र म्हणजे दांडीमागे ३० अंश, ६ दांड्यांचे म्हणजे ६० अंश, आणि एकाआड एक बदलणारा विक्षोभ म्हणजे १८० अंश. याहून जलद बदल दांड्या मोजून कळूच शकत नाही. आपल्या कारागिराची संवेदनशीलता S = 2 sin(θ/2) या सूत्राने मिळते. θ म्हणजे दांडीमागचे अंश.

तोटा फार होतो असे पाहून कारागिराने सौम्य धोरण स्वीकारले असे समजू. १ मिलिमीटर चूक दिसली, तर स्क्रू अर्धा मिलिमीटरच फिरवायचा. ० ते १८० अंशांचे सहा सारखे गट करून प्रत्येक गटाच्या मध्यावर दोन्ही धोरणांची संवेदनशीलता काढली, तर पुढील तक्ता मिळतो.

| दांडीमागे अंश | पूर्ण दुरुस्ती | अर्धी दुरुस्ती |
|---|---|---|
| १५ | ०.२६१ | ०.४९० |
| ४५ | ०.७६५ | १.०३९ |
| ७५ | १.२१८ | १.२२३ |
| १०५ | १.५८७ | १.२९२ |
| १३५ | १.८४८ | १.३२१ |
| १६५ | १.९८३ | १.३३२ |

पूर्ण दुरुस्तीने सावकाश विक्षोभ जवळजवळ पावपट झाला, पण जलद विक्षोभ दुपटीच्या घरात गेला. अर्ध्या दुरुस्तीने ढीग खाली आला, पण खड्डाही उथळ झाला. आता प्रत्येक स्तंभातील सहा संख्यांचा गुणाकार करा. दोन्ही स्तंभांचे उत्तर सुमारे १.४१ येते. धोरणे इतकी वेगळी असूनही गुणाकार एकच!

गट सहाऐवजी बारा केले, तरी गुणाकार १.४१ च राहतो. नव्वद केले तरी तोच. आता गुणोत्तरी मध्य काढू. सहा संख्यांसाठी १.४१ चे सहावे मूळ १.०६ येते, बारा संख्यांसाठी बारावे मूळ १.०३, नव्वद संख्यांसाठी १.००४. गट जितके बारीक, तितका मध्य १ च्या जवळ. म्हणजे सर्व वारंवारता धरल्या, तर संवेदनशीलतेचा गुणोत्तरी मध्य बरोबर १ असतो. लघुगणकांच्या भाषेत सांगायचे, तर १ च्या खाली खणलेला खड्डा आणि १ च्या वर साचलेला ढीग यांचे क्षेत्रफळ सारखे असते. आपण शोधत होतो ते 'पाणी' म्हणजे संवेदनशीलतेचा लघुगणक.

असे का होते?

याचे मूळ एका साध्या गोष्टीत आहे. दांडी कापल्यानंतरच मोजता येते. या क्षणाचा विक्षोभ कारागिराला आधी कळत नाही, त्यामुळे स्क्रू फिरवून तो त्यात काहीही बदल करू शकत नाही. तो कितीही हुशार असला आणि मागच्या शंभर दांड्यांची वही त्याच्याजवळ असली, तरी चुकीच्या सूत्रात या वेळचा विक्षोभ पूर्णच्या पूर्ण, म्हणजे १ ने गुणलेलाच राहतो. त्याला फक्त मागच्या विक्षोभांचे काही भाग मिळवता किंवा वजा करता येतात.

'एक दांडी मागे' या क्रियेसाठी w हे अक्षर घेऊ. मग पूर्ण दुरुस्तीची राशी 1 − w आहे, आणि अर्ध्या दुरुस्तीची 1 − w/2 − w²/4 − w³/8 … अशी आहे. कोणतेही धोरण घ्या, पहिले पद १ असणारच.

आता धातूचा एक गोल पत्रा डोळ्यांसमोर आणा. पत्र्याची कड ठिकठिकाणी वेगवेगळ्या, पण कायम तापमानाला ठेवली आहे. बराच वेळ गेल्यावर आतील तापमान स्थिरावते, आणि तेव्हा केंद्राचे तापमान कडेच्या सर्व तापमानांच्या सरासरीइतके असते. उष्णतावहनाचा हा नियम भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित असेल. वरील राशीच्या मूल्याचा लघुगणक अगदी हाच नियम पाळतो. w ही संमिश्र संख्या मानून ती १ त्रिज्येच्या पत्र्यावर मांडली, तर कडेवरचा प्रत्येक कोन ही एक वारंवारता होते. तेथील 'तापमान' म्हणजे त्या वारंवारतेच्या संवेदनशीलतेचा लघुगणक. वरच्या अर्ध्या कडेवर ० ते १८० अंश येतात, आणि खालची अर्धी कड तिचे प्रतिबिंब असते. केंद्रात w = 0 असते. तेथे राशीचे फक्त पहिले पद उरते, ते १ आहे, आणि १ चा लघुगणक शून्य. केंद्र शून्यावर बांधलेले आहे, म्हणून कडेची सरासरीही शून्यच. कडेचा एक भाग थंड केला, तर दुसरा भाग तापलाच पाहिजे.

सतत चालणाऱ्या यंत्रणांसाठी हा निष्कर्ष बेल प्रयोगशाळेतील हेन्ड्रिक बोडे यांनी १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मांडला. टेलिफोनच्या प्रवर्धकांत प्रतिसंभरण वापरण्याची कल्पना त्याच प्रयोगशाळेतील हॅरोल्ड ब्लॅक यांना १९२७ साली सुचली होती, आणि बोडे अशा प्रवर्धकांचे गणित मांडत होते. वरच्या वारंवारतांना प्रवर्धकाचा प्रतिसाद पुरेसा झपाट्याने घसरत असेल, तर खड्डा आणि ढीग समान, असे त्यांचे सूत्र सांगते.

पत्र्याच्या आत बर्फ

वरील विवेचनात एक अट आहे. पत्र्याच्या आत कोठेही उष्णता शोषणारी जागा असता कामा नये. राशी आतल्या एखाद्या बिंदूवर शून्य झाली, तर तेथे लघुगणक ऋण अनंताकडे जातो. म्हणजे जणू तेथे बर्फाचा तुकडा ठेवला आहे. असे केव्हा होते?

उभी काठी तळहातावर तोलून पाहा. हात स्थिर ठेवला, तर तिचा कल आपोआप वाढत जातो. अशा यंत्रणेला अस्थिर म्हणतात. समजा एखाद्या अस्थिर यंत्रात लहानसे विचलन दर पावलाला दुप्पट होते: १, २, ४, ८, १६. दुरुस्तीनंतर चूक वाढत जाऊ नये अशी आपली इच्छा आहे. तर मग ही दुपटीची मालिका आपल्या राशीने पूर्णपणे खोडली पाहिजे. या मालिकेत 'एक पाऊल मागे' म्हणजे निम्मे, म्हणजेच w = 1/2. तेव्हा w = 1/2 येथे राशी शून्य झालीच पाहिजे, आणि हा बिंदू पत्र्याच्या आत आहे. ही अट पाळणारी सर्वांत साधी राशी आहे 1 − 2w.

केंद्रात हिचे मूल्य अजून १ च आहे. पण आत बर्फ असूनही केंद्र शून्य अंशावर ठेवायचे, तर कड सरासरीने शून्याहून गरम हवी. कडेवर 1 − 2w चे मूल्य किमान १ आणि कमाल ३ असते, आणि गुणोत्तरी मध्य बरोबर २. म्हणजे काठी केवळ पडू न देणे एवढ्याचीच ही किंमत आहे. अजून एकाही वारंवारतेवर फायदा मिळालेला नाही. ढीग आधी, खड्डा नंतर.

एक्स-२९ चा हिशेब

हा हिशेब प्रत्यक्षात किती कठोर होतो ते एका विमानावरून दिसते. ग्रुमन कंपनीने बांधलेले अमेरिकेचे प्रायोगिक विमान एक्स-२९ प्रथम १४ डिसेंबर १९८४ रोजी उडाले. त्याचे पंख मागे झुकण्याऐवजी पुढे झुकलेले होते, आणि त्याचे नाक वरखाली होण्याच्या बाबतीत विमान हेतुपुरस्सर अस्थिर ठेवले होते. संगणकाने सतत दुरुस्ती केल्याशिवाय ते उडवणे वैमानिकाला शक्य नव्हते. नियंत्रणशास्त्रज्ञ गुंटर स्टाइन यांनी १९८९ साली बोडे यांच्या नावाच्या व्याख्यानात या विमानाचा दाखला दिला. ते व्याख्यान २००३ साली छापून आले. त्यांनी संवेदनशीलतेला खणलेल्या मातीची उपमा दिली होती. माती एका जागेवरून काढली, तर दुसरीकडे टाकावी लागते. नाहीशी करता येत नाही.

स्टाइन यांनी दिलेले दोन आकडे आपण घेऊ. पहिला, विमानाच्या अस्थिरतेचा दर सेकंदाला ६. याचा अर्थ विचलन e च्या 6t या घाताप्रमाणे वाढते, आणि सुमारे ०.१२ सेकंदात दुप्पट होते. दुसरा, दुरुस्ती विश्वासाने करता येते ती सेकंदाला सुमारे ४० रेडियन वारंवारतेपर्यंतच, म्हणजे सेकंदाला ६.४ चक्रे. त्यापुढे विमानाचा सांगाडा स्वतःच लवतो आणि थरथरतो, पृष्ठे हलवणारी यंत्रे मागे पडतात, आणि गणितातील विमान व खरे विमान यांत साम्य राहत नाही. म्हणून तेथे संवेदनशीलता १ च्या आसपास सोडून द्यावी लागते. कागदावर ढीग अनंत वारंवारतांवर पातळ पसरता येतो. प्रत्यक्षात तो ४० च्या कुंपणाच्या आत टाकावा लागतो.

अस्थिर यंत्रणेसाठी सूत्र सांगते, की ढीग वजा खड्डा = π × अस्थिरतेचा दर. येथे ते ३.१४ × ६ = १८.८५. ही माती ४० रुंदीवर सारखी पसरली, तर उंची १८.८५ ÷ ४० = ०.४७. हा नैसर्गिक लघुगणक आहे, तेव्हा संवेदनशीलता १.६. काहीही न खणता, सगळीकडे विक्षोभ १.६ पट.

आता ० ते ४ या पट्ट्यात संवेदनशीलता एक पंचमांश करायची ठरवली. १/५ चा नैसर्गिक लघुगणक −१.६१ असल्याने खड्डा ४ × १.६१ = ६.४४ चा. एकूण ढीग १८.८५ + ६.४४ = २५.२९, आणि तो टाकायला उरलेली जागा ३६. उंची ०.७०, म्हणजे संवेदनशीलता २.०. हेच विमान स्थिर असते, तर ढीग फक्त ६.४४ चा राहिला असता, आणि संवेदनशीलता १.२ वर भागले असते. आपण माती अगदी सपाट पसरली आहे. खऱ्या यंत्रणेत वक्राला चढउतार असतात, त्यामुळे शिखर याहूनही उंच जाते. संवेदनशीलता जितकी मोठी, तितकी विमानाच्या गुणधर्मांत थोडी चूक निघाल्यास ताबा सुटण्याची शक्यता जास्त. नियंत्रण पथकाने कोणतीही युक्ती लढवली असती, तरी या बेरजेतून सुटका नव्हती. सुटका हवी, तर अस्थिरता कमी करायची किंवा ४० चे कुंपण पुढे ढकलायचे, आणि या दोन्ही गोष्टी विमान बांधतानाच ठरतात.

नियम कोठे लागू होत नाही

हा नियम प्रतिसंभरणाचा आहे. विक्षोभ येण्याआधीच त्याची खबर मिळाली, तर 'पहिले पद १' ही अट मोडते. दांडी कापण्याआधी पात्याचे तापमान मोजून स्क्रू फिरवला, तर उष्णतेमुळे येणारा फरक दुसरीकडे ढीग न करता कमी करता येतो. तसेच ढीग वाईटच असतो असे नाही. कारखान्यात सावकाश झीजच मोठी असेल आणि एकाआड एक फरक नगण्य असेल, तर जेथे विक्षोभच नाही तेथे संवेदनशीलता दुप्पट झाली म्हणून बिघडत नाही. कुशल नियंत्रण म्हणजे ढिगासाठी योग्य जागा शोधणे.

ढीग नको तेथे पडला आहे, हे ओळखायचे कसे? चुकांची चिन्हे लिहून काढा. अधिक आणि उणे एकाआड एक येऊ लागले, तर दुरुस्ती जास्त होत आहे. काही काळ दुरुस्ती थांबवून चुकांचा पसारा मोजा. तो कमी झाला, तर शंका उरत नाही.

वर्गात करून पाहण्यासाठी

एक फासा ६० वेळा टाका. प्रत्येक दानातून ३.५ वजा करा. हा झाला विक्षोभ. या साठ संख्यांच्या वर्गांची सरासरी काढा. ती २.९ च्या आसपास येईल. आता 'या वेळचा − मागच्या वेळचा' अशा वजाबाक्या करून त्यांच्या वर्गांची सरासरी काढा. ती ५.८ च्या आसपास, म्हणजे दुप्पट येईल. अर्ध्या दुरुस्तीने ती ३.९ च्या आसपास राहील. फाशाच्या दानांत सर्व वारंवारता सारख्याच प्रमाणात असतात, त्यामुळे तेथे खड्ड्याचा फायदा ढिगाच्या तोट्याला पुरा पडत नाही. विद्यार्थ्यांना विचारा, की वर्गांची सरासरी २.९ पेक्षा खाली आणणारे एखादे धोरण शोधता येईल का? त्यांनी राशीच्या पदांचे वर्ग करून बेरीज केली, तर पहिल्या १ मध्ये प्रत्येक पद भरच घालते हे त्यांना दिसेल, आणि स्क्रूला हात न लावणे हेच तेथे सर्वोत्तम धोरण का ठरते हे त्यांना स्वतःच सिद्ध करता येईल.